विहिरीला किती रिंगा लागतील? खोली आणि रिंगेची उंची यांवरून हिशोब

किनारपट्टीच्या वाळूत किंवा भुसभुशीत मातीत घरगुती विहीर पाडायची तर आता बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या तयार रिंगा उतरवतात. चार फुटी व्यासाची, एक फूट उंचीची रिंग सगळीकडे मिळते. मग हिशोबही तोंडीच होतो: चोवीस फूट विहीर, म्हणजे चोवीस रिंगा. हा हिशोब जवळपास नेहमीच कमी पडतो आणि त्याचा फटका विहिरीच्या पाण्याला बसतो.

वाळूत रिंगा वरून एकेक चढवत जातात. आतली वाळू उपसली की सगळी चळत स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि वर नवी रिंग ठेवायला जागा होते. त्यामुळे रिंगा कमी पडल्या की ते कळतं सगळ्यात शेवटी, जमिनीजवळ. चळतीचं टोक जमिनीला टेकत आलेलं असतं, कठड्याला एकही रिंग उरलेली नसते आणि दुसरी गाडी मागवायला कुणी तयार नसतं. मग उपसा तिथेच थांबवतात. ठरल्यापेक्षा दोन-अडीच फूट खोली कमी राहते, म्हणजे मे महिन्यात ज्या थरात पाणी असतं नेमका तोच थर हातचा जातो. म्हणून हा आकडा खोदाईच्या आधी, कागदावर आणि मिलिमीटरमध्ये काढावा.

पुढचं उदाहरण कोकण किनाऱ्यावरच्या वाळूतल्या विहिरीचं आहे. रिंगेचा आतला व्यास १२०० मिमी, जाडी ७५ मिमी, उंची ३०० मिमी.

आधी एकूण उंची ठरवा

रिंगांची चळत विहिरीच्या तळापासून कठड्याच्या माथ्यापर्यंत जाते. त्या उंचीचे तीन भाग वेगवेगळे मोजून बेरीज करायची.

पहिला भाग जमिनीखालची खोली. ती पाण्यावरून ठरते. शेजारच्या विहिरीत मे महिन्याच्या अखेरीस, सकाळी कुणी पाणी काढायच्या आधी, टेपला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा. मापं जमिनीपासून घ्यायची, शेजारच्या कठड्याच्या माथ्यापासून नाही. तिथला कठडा अडीच फूट असेल तर तेवढी चूक सरळ तुमच्या खोलीत शिरते. गावात खोली हात किंवा परस या मापांत सांगतात, पण ते माप माणसागणिक बदलतं, म्हणून टेपवरच भरवसा ठेवा. ऑगस्टमध्ये मोजलेल्या पाण्याचा या कामाला काहीही उपयोग नाही. आपल्या उदाहरणात मे महिन्यात पाणी जमिनीपासून ५.१० मीटरवर आहे. त्याखाली किमान दोन मीटर जायचं आहे, म्हणून खोली ७.२० मीटर धरली.

दुसरा भाग ओट्याचा. विहिरीभोवती सांडपाणी बाहेर वाहून जाईल असा उताराचा ओटा बांधतात. तो जमिनीपेक्षा सहा इंच उंच असतो. कठड्याची उंची या ओट्यापासून मोजायची असते, आणि हे सहा इंच हिशोबातून हमखास गळतात. इथे १५० मिमी.

तिसरा भाग कठडा. लहान मूल वाकून आत पडू नये आणि मोठ्या माणसाला कळशी ओढायला अवघड जाऊ नये, अशी उंची ७५० मिमी, म्हणजे अडीच फूट.

तिन्हींची बेरीज ७२०० + १५० + ७५० = ८१०० मिमी. चळत कमीत कमी एवढी उंच हवी.

जागा उताराची असेल तर मोजणीच्या आधी एक लाकडी खुंटी ठोकून घ्या आणि पुढची सगळी मापं त्या एकाच खुंटीच्या डोक्यापासून घ्या. खुंटी खड्ड्यापासून चार-पाच फूट लांब असावी. काठाजवळची खुंटी वाळूबरोबर खचते आणि सगळं माप बिघडतं.

मग रिंगेची कामाची उंची काढा

एक फुटी म्हणून विकली जाणारी रिंग प्रत्यक्षात ३०० मिमीची असते. फूट मात्र ३०४.८ मिमीचा. एका रिंगेत हा फरक दिसत नाही, तीस रिंगांमध्ये तो १४४ मिमी होतो, म्हणजे जवळपास अर्धी रिंग. म्हणून खोली फुटांत आणि रिंग मिलिमीटरमध्ये असा घोळ करू नये.

यापेक्षा मोठा फरक सांध्यात आहे. बऱ्याच रिंगांच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी जीभ असते. त्यामुळे वरची रिंग खालचीवर नीट बसते आणि बाजूला सरकत नाही. पण जीभ जेवढी आत जाते तेवढी उंची प्रत्येक सांध्यात कमी होते. टेप लावून सुटी रिंग मोजली तर ३०० मिमी भरते, चळतीत मात्र ती २७५ मिमीच देते. ही दुसरी उंची म्हणजे कामाची उंची, आणि हिशोब तिच्यावरच करायचा.

ती दुकानदाराला विचारू नका, मोजा. जिथे रिंगा ओततात त्या आवारात एकाच साच्यातल्या तीन रिंगा सपाट जागेवर एकमेकींवर ठेवायला सांगा. आधी एकच रिंग मोजा, मग तिन्हींची मिळून उंची मोजा, तीही चार बाजूंनी, कारण ओततानाच रिंग एका बाजूला आखूड झालेली असू शकते. समजा एक रिंग ३०० मिमी आणि तिन्ही मिळून ८५० मिमी भरल्या. वरच्या दोन रिंगांनी ८५० − ३०० = ५५० मिमी दिले, म्हणजे एकीची कामाची उंची २७५ मिमी. सांध्यात जाणारा लॅप २५ मिमी.

चार बाजूंच्या मापांत दहा मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या रिंगा घेऊ नका. तिरप्या कडेच्या रिंगा एकमेकींवर ठेवल्या की चळत कलते, आणि कललेली चळत वाळूत सरळ उतरत नाही.

सपाट कडेच्या रिंगाही मिळतात. त्यांच्या सांध्यात सिमेंटचा मसाला भरतात, त्यामुळे तिथे उंची कमी न होता थोडी वाढते. दहा मिमीचा मसाला धरला तर एका रिंगेची कामाची उंची ३१० मिमी होते. वाळूत चळत उतरवायची असेल तर मात्र खाच-जिभेचीच रिंग घ्यावी. सपाट रिंग उतरताना बाजूला सरकते आणि सांध्यातून वाळू आत येऊ लागते.

आता भागाकार

चळतीत शेवटच्या रिंगेची पूर्ण उंची मिळते, कारण तिच्यावर काही बसत नाही. म्हणून लॅप एकदाच वजा करायचा:

```
रिंगा = (एकूण उंची − लॅप) ÷ कामाची उंची
      = (८१०० − २५) ÷ २७५
      = २९.३६  →  ३०
```

अपूर्णांक आला की नेहमी पुढचा पूर्ण आकडा घ्यायचा, मग तो २९.३६ असो की २९.०५. उलटा ताळा करून पाहा: ३० × २७५ + २५ = ८२७५ मिमी. हवे होते ८१००, म्हणजे १७५ मिमी जास्त. हे जादा १७५ मिमी कठड्यात घालू नका, खाली घ्या. तेवढी वाळू आणखी उपसली की तळ ७.३७५ मीटरवर जातो आणि उन्हाळ्यात सात इंच पाणी जास्त मिळतं.

तोंडी हिशोब किती चुकतो तेही याच आकड्यांत दिसतं. ७.२० मीटरला ३०० ने भागलं की २४ येतात. कठडा आणि ओटा धरून ८.१० मीटरला ३०० ने भागलं तर २७. पण २७ रिंगांची खरी चळत २७ × २७५ + २५ = ७४५० मिमीच होते. ६५० मिमी कमी, म्हणजे दोन फुटांहून जास्त. कठडा पूर्ण ठेवायचा तर ही तूट तळातून जाणार.

सपाट रिंगा मसाल्यावर बसवल्या तर सांधे रिंगांपेक्षा एकाने कमी असतात. तिथे एकूण उंचीत एका सांध्याचे दहा मिमी मिळवून ३१० ने भागायचं.

खाली कातळ लागत असेल तर

हा वेगळा प्रकार आहे आणि इथे चूक उलट्या बाजूने होते. घाटावर आणि कोकणातही बऱ्याच जागी वर माती-मुरूम आणि खाली पक्का खडक किंवा कठीण जांभा असतो. पक्का खडक स्वतःच उभा राहतो, त्याला रिंगा लागत नाहीत. रिंगा फक्त मुरमाच्या थराला आणि कठड्याला.

समजा विहीर ११ मीटर खोल आहे आणि खडक ४.५ मीटरवर लागला. मुरमातला खड्डा रुंद खणायचा आणि खडकात शिरताना व्यास कमी करायचा, म्हणजे भोवताली किमान नऊ इंच रुंदीची पायरी राहते. तिच्यावर १५० मिमी जाडीचा काँक्रीटचा पट्टा समपातळीत ओतायचा आणि रिंगा त्यावर चढवायच्या. ओटा आणि कठडा मिळून ९०० मिमी धरले तर ४५०० + ९०० − १५० = ५२५० मिमी. सपाट रिंगा मसाल्यावर बसवल्या तर (५२५० + १०) ÷ ३१० = १६.९७, म्हणजे १७ रिंगा. पूर्ण ११ मीटर धरून चाळीस रिंगा मागवणाऱ्याच्या दारात तेवीस रिंगा पडून राहतात.

खडक पक्का आहे का हे पहारीने पाहायचं. पहार मारल्यावर खणखणीत आवाज आला आणि ती उसळून परत आली तर तो खडक. दबका आवाज आला, टवका निघाला आणि आतून ओली माती दिसली तर तो अजून मुरूमच आहे, आणखी खाली जायला हवं. कुजलेल्या खडकावर टेकवलेली चळत दोन पावसाळ्यांत एका बाजूने खचते.

शेतीच्या मोठ्या, वीस-पंचवीस फूट व्यासाच्या विहिरींना हा हिशोब लागू नाही. तिथे दगडी किंवा जागेवर ओतलेलं काँक्रीटचं बांधकाम असतं.

तीस रिंगा, पण सगळ्या सारख्या नाहीत

परत वाळूतल्या विहिरीकडे. आकडा मिळाला म्हणून ‘तीस रिंगा द्या’ एवढंच सांगून चालत नाही.

सगळ्यात खालची एक रिंग धारेची असते. तिची खालची कड बाहेरच्या बाजूने सरळ आणि आतून निमुळती असते, त्यामुळे ती वाळूत शिरते. तिच्यात सळई जास्त हवी, कारण वरच्या सगळ्या चळतीचं वजन तिच्या एका कडेवर येतं. तिची उंची वेगळी असेल तर भागाकाराआधी ती एकूण उंचीतून वजा करून तिला वेगळी मोजा.

तिच्यावरच्या सात रिंगा भोकांच्या. मे महिन्याचं पाणी ५.१० मीटरवर आहे आणि तळ ७.३७५ वर, म्हणजे मधला २.२७५ मीटरचा थर पाणी देणारा. २२७५ ÷ २७५ = ८.२७. त्यात सर्वांत खालची धारेची, उरलेल्या सात भोकांच्या. भोकं ओततानाच ठेवून घ्यावीत, बाहेरून आत चढ देऊन, म्हणजे पाणी येतं आणि वाळू सहजी येत नाही. तयार रिंगेला छिन्नीने भोकं पाडली की सळईपासून तडा जातो. वाळू पिठासारखी बारीक असेल तर भोकंही नकोत. तिथे खालच्या रिंगा वाळू न घालता फक्त बारीक खडी आणि सिमेंटच्या ओतून घेतात, त्या सगळ्या अंगाने पाणी पाझरू देतात. त्या कच्च्या असतात, हाताळताना जपावं लागतं.

वरच्या पंधरा रिंगांचे सांधे पक्के बंद करायचे. वरून मुरणारं घाण पाणी आत येऊ नये म्हणून जमिनीखालचे पहिले तीन मीटर बंद असावे लागतात. ३०००, ओट्याचे १५० आणि कठड्याचे ७५० मिळून ३९०० मिमी, भागिले २७५ म्हणजे १४.१८, म्हणून पंधरा. हे सांधे चळत पूर्ण खाली बसल्यावर आतून मसाल्याने बुजवायचे. आधी भरले तर चळत उतरताना हलते आणि मसाला गळून पडतो.

राहिल्या मधल्या सात साध्या. १ + ७ + ७ + १५ = ३०. ऑर्डरच्या कागदावर हे चार आकडे वेगळे लिहा.

जादा किती, आणि गाडी कितीची

१२०० मिमी व्यासाच्या, ७५ मिमी जाडीच्या, ३०० मिमी उंच रिंगेत सुमारे ०.०९ घनमीटर काँक्रीट असतं. तिचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. उतरवताना एखादी फुटतेच. म्हणून तीसला दोन जादा धरा, एक साधी आणि एक भोकांची. धारेच्या रिंगेची जादा घेत नाहीत, पण तीच आधी तपासतात: जमिनीपासून थोडी उचलून हातोडीने ठोकली तर घंटेसारखा आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आत तडा आहे.

बत्तीस रिंगा म्हणजे सात टनांपेक्षा जास्त माल. दीड टन नेणाऱ्या पिकअपमध्ये सहा बसतात, म्हणजे सहा खेपा. विहिरीपर्यंत मोठी गाडी जात नसेल तर हे भाडं रिंगांच्या भावाबरोबरच धरा.

दोन हप्त्यांत मागवल्या तर अधिक बरं. आधी बावीस, आणि पाणी लागून खोली नक्की झाली की उरलेल्या. मात्र उरलेल्या त्याच आवारातून आणि त्याच साच्यातून घ्या. दुसऱ्या साच्याची जीभ या खाचेत बसत नाही आणि वरचा सांधा उघडा राहतो. प्रत्येक रिंगेवर ओतल्याची तारीख रंगाने लिहून मागा, आणि अठ्ठावीस दिवस पुरे झालेलीच रिंग उतरवा. आठ-दहा दिवसांची रिंग दिसायला तशीच असते, पण तिच्या कडा चळतीच्या वजनाने फुटतात.

आकडा बरोबर असूनही कुठे अडतं

पाणी लागल्यावर वाळूत आणखी दोन मीटर जाणं हे सगळ्यात कठीण काम. पंपाने पाणी उपसत असताना तळातून वाळू उकळत वर येऊ लागली, आणि दिवसभर काढूनही चळत बोटभर खाली जाईना, तर थांबा. त्या वेळी बाहेर जमिनीवर पाहा. काठाभोवती जमीन खचून बशीसारखा खळगा पडत असेल तर तुम्ही विहिरीतली नव्हे, बाहेरची वाळू काढत आहात. तसंच पुढे गेलात तर चळत कलते. अशा वेळी पुढच्या मे महिन्यात, पाणी आणखी खाली गेल्यावर काम पुरं करावं. रिंगा हप्त्याने घेतलेल्या असल्या तर पैसे अडकून पडत नाहीत.

चळत एका जागी अडकून बसली आणि खालून पोकळी पडली, तर वरून वजन टाकून ठोकू नका. आतल्या माणसाला आधी बाहेर काढा. डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत कधीही उतरवू नका, त्याच्या धुराने आतला माणूस मिनिटांत बेशुद्ध पडतो. इंजिन वर, फक्त नळी आत.

पुढे कधी पाणी आटलं आणि विहीर खोल करायची झाली, तर जुनी चळत खाली ढकलायला जाऊ नये. तिच्या आत लहान व्यासाच्या रिंगा उतरवतात. ९०० मिमी आतल्या व्यासाची, ६० मिमी जाडीची रिंग बाहेरून १०२० मिमी भरते आणि १२०० मध्ये मोकळी जाते. दीड मीटर खोली वाढवायची असेल तर जुन्या चळतीच्या आत किमान ६०० मिमी वर राहील इतक्या घ्या: १५०० + ६०० = २१०० मिमी, आणि कामाची उंची २७५ असेल तर (२१०० − २५) ÷ २७५ = ७.५५, म्हणजे आठ. दोन चळतींमधल्या फटीत बारीक खडी भरायची, नाहीतर जुन्या तळाची वाळू तिथून वर येते.

चळत जागेवर बसली की तळाशी थर घालायचे: आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी, प्रत्येकी सहा इंच. एका थराला सुमारे सहा घनफूट माल लागतो. हे दीड फूट रिंगांच्या आत येतात, म्हणून रिंगांच्या संख्येत त्यांचा काही फरक पडत नाही. पाण्याच्या साठ्यात मात्र पडतो. ७.३७५ मीटरवरचा तळ थरांनंतर ६.९२५ वर येतो, मे महिन्याचं पाणी ५.१० वर, म्हणजे उभं पाणी १.८२५ मीटर. १२०० मिमी व्यासात ते साधारण दोन हजार लिटर होतं. घराला एका वेळी यापेक्षा जास्त लागत असेल तर तेवढी खोली आताच वाढवा: दर २७५ मिमीला एक भोकांची रिंग आणि सुमारे तीनशे लिटर पाणी.